बाईंची वही आणि चिकूची शू

चिकूला माझ्याकडे आणलं ते दात साफ करून घ्यायला. सात वर्षांची, वीस किलोची कुत्री, आई लॅब्रॅडोर आणि वडील गल्लीतले कोणीतरी. खाणंपिणं ठीक, फिरायला जाताना पट्टा ओढण्याची सवय कायम, तक्रार काहीच नाही. दातांसाठी भूल द्यायची म्हणून रक्त आणि लघवी तपासायला घेतली, आणि लघवीत बुडवलेली पट्टी गडद हिरवी झाली. प्रोटीन तीन प्लस. दात बाजूलाच राहिले.

चिकूच्या मालकीणबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. सोसायटीत सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात, मीही तेच म्हणतो. पट्टीचा रंग बघून त्यांनी विचारलं, “डॉक्टर, तीन प्लस म्हणजे किती?” प्रश्न अगदी बरोबर होता आणि पट्टीकडे त्याचं उत्तर नव्हतं.

पट्टी सांगते ती लघवीतल्या प्रोटीनची दाटी. कुत्र्याने रात्रभर पाणी प्यायलं नसेल तर लघवी घट्ट होते आणि थोडंसं प्रोटीनही भरपूर दिसतं. भरपूर पाणी प्यायलं असेल तर तेवढंच प्रोटीन विरळ होऊन पट्टीला दिसतही नाही. यावरचा उपाय साधा आहे. लघवीत क्रिएटिनिन नावाचा आणखी एक पदार्थ असतो. तो स्नायूंतून रोज साधारण ठरावीक प्रमाणात तयार होतो आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतो. लघवी पातळ झाली की प्रोटीन आणि क्रिएटिनिन दोन्ही सारखेच विरळ होतात. म्हणून एकाला दुसऱ्याने भागलं की मधलं पाणी हिशेबातून निघून जातं. या भागाकाराला आम्ही यूपीसी म्हणतो, म्हणजे युरिन प्रोटीन क्रिएटिनिन रेशो.

बाईंना मी दोन उदाहरणं लिहून दाखवली. दोन कुत्र्यांच्या लघवीत प्रत्येकी ६० मिलिग्रॅम प्रोटीन आहे. पहिल्याच्या लघवीत क्रिएटिनिन २००, तर यूपीसी ०.३. दुसऱ्याच्या लघवीत क्रिएटिनिन ३०, तर यूपीसी २. पट्टीवर दोघांचा रंग एकच येईल. पहिल्याला घरी पाठवता येतं, दुसऱ्याचं मूत्रपिंड गळत असतं. बाईंनी तिथेच पर्समधून पेन काढलं. चिकूची वही त्या दिवशी सुरू झाली.

कुत्र्यांमध्ये ०.२च्या खाली यूपीसी निर्धोक मानतात. ०.२ ते ०.५ ही कुंपणावरची जागा. ०.५च्या वर सातत्याने राहिला तर तो आजार समजायचा, आणि दोनच्या वर गेला तर संशयाची सुई मूत्रपिंडातल्या गाळण्यांवर येते. चिकूचा आकडा आला ४.८.

कुत्र्याच्या एका मूत्रपिंडात सुमारे ४ लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. रक्त त्यातून दाबाने जातं, पाणी आणि टाकाऊ पदार्थ बाहेर पडतात, आणि अल्ब्युमिनसारखे मोठे प्रोटीनचे रेणू आत राहतात. गाळणी बिघडली की हे प्रोटीन लघवीतून वाहून जाऊ लागतं. गंमत, किंवा शोकांतिका म्हणा, अशी की या अवस्थेत मूत्रपिंडाचं नेहमीचं काम अनेक महिने बिनबोभाट चालू असतं. चिकूच्या रक्तातलं क्रिएटिनिन १.१ होतं, म्हणजे अगदी निरोगी कुत्र्यासारखं. कुणी फक्त ‘किडनी फंक्शन टेस्ट’ केली असती तर सगळं उत्तम आहे असं सांगून घरी पाठवलं असतं. रक्तातलं क्रिएटिनिन गाळण्या किती शिल्लक आहेत ते सांगतं. त्या गळतात की नाही, ते त्याला दिसत नाही.

रक्ताच्या रिपोर्टात खूण होती ती दुसरीकडे. अल्ब्युमिन २.३, म्हणजे कमी. कोलेस्टेरॉल वाढलेलं, कारण अल्ब्युमिन भरून काढायला यकृत जोरात कामाला लागतं आणि त्या भरात चरबीची वाहतूक करणारी प्रोटीनंही जास्त तयार होतात. रक्तदाब १६५. पायांवर किंवा पोटावर सूज नव्हती.

आता मोठा आकडा आला म्हणून लगेच मूत्रपिंडाला दोषी ठरवता येत नाही. मूत्राशयात जंतुसंसर्ग असेल, लघवीत रक्त असेल, नर कुत्र्यात प्रोस्टेट सुजली असेल किंवा न्यूटर न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू झाला असेल, तर प्रोटीन गाळणीतून न येता वाटेत मिसळतं. म्हणून यूपीसी करायच्या आधी लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. चिकूच्या थेंबात ना पांढऱ्या पेशी होत्या, ना जंतू. लघवी ‘शांत’ होती. ही पायरी वगळून पाठवलेला यूपीसी मी वाचतही नाही, आणि लॅबवाल्यांना माझा हा हट्ट फारसा आवडत नाही.

मग कारणाचा शोध. गाळणी बिघडण्यामागे बऱ्याचदा शरीरात दुसरीकडे चाललेली एखादी दीर्घ लढाई असते. जंतू आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं एकमेकांना चिकटून रक्तात फिरतात आणि गाळणीत अडकून बसतात. आपल्याकडे पहिला संशय गोचिडांवर, म्हणजे एर्लिकिया आणि बेबेसिया यांच्यावर. युरोपात भूमध्य समुद्राच्या बाजूला लेशमेनिया, अमेरिकेत लाइम रोग. काही जातींत हे दुखणं वंशातूनच येतं. सॅमॉइडमध्ये गाळणीचा पडदाच जन्मतः कच्चा असतो, शार पेईमध्ये गाळण्यांत अमायलॉइड नावाचं चिवट प्रोटीन साठतं. चिकूच्या अंगावर गेल्या पावसाळ्यात गोचिडं झाली होती, प्लेटलेट थोड्या कमी होत्या आणि एर्लिकियाची प्रतिपिंडं सापडली. प्रतिपिंडं सापडली म्हणजे तो जंतू आजही शरीरात आहे असं सिद्ध होत नाही, ती जुन्या संसर्गाचीही असू शकतात. पण डॉक्सिसायक्लिन चार आठवडे देऊन बघण्यात तोटा फार थोडा आणि फायदा मोठा होता. १०० मिलिग्रॅमची गोळी दोन वेळा, पोटभर खाण्याबरोबर आणि वर पाणी पाजून. ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते.

उपचार ठरवण्याआधी मला आणखी एक आकडा हवा होता, आणि तो दवाखान्यात काढलेला नको होता. दवाखान्यात कुत्रं घाबरतं, धापा टाकतं, त्याचा रक्तदाब चढतो. दवाखान्यात घेतलेल्या लघवीचा यूपीसी घरी घेतलेल्यापेक्षा जास्त येण्याकडे झुकतो, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. शिवाय हा आकडा रोज हलतो. म्हणून मी बाईंना तीन दिवस सकाळची पहिली शू घरीच धरायला सांगितली. स्वच्छ धुऊन वाळवलेली स्टीलची पळी काठीला बांधायची, चिकू बसली की मागून हळूच पुढे सरकवायची. फरशीवरून सिरिंजने उचललेली लघवी नको, कारण फरशी पुसायच्या जंतुनाशकाचा अंशही पट्टीला फसवू शकतो. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची. तिसऱ्या दिवशी तिन्ही बाटल्यांतून सारखी मापं घेऊन एकत्र करायची आणि त्या मिश्रणाचा एकच यूपीसी करायचा. हा एक आकडा तीन दिवसांच्या सरासरीच्या जवळ येतो आणि लॅबचे पैसे मात्र एकदाच लागतात.

“म्हणजे सरासरी काढायची, पण भांड्यात,” बाई म्हणाल्या.

मिश्रणाचा आकडा आला ४.२. आमची सुरुवातीची रेघ हीच. पुढचा प्रत्येक आकडा आम्ही ४.२शी ताडून बघितला, ४.८शी नाही.

उपचाराचा कणा एकच आहे, गाळणीतला दाब उतरवणं. श्रीखंडासाठी चक्का टांगतात, ते फडकं जुनं होऊन विरलेलं आहे अशी कल्पना करा. ते नुसतं टांगलं तर पाणी गळतं. पिळलं तर पाण्याबरोबर दहीही बाहेर येतं. फडकं नवं करता येत नाही, पण पिळणं थांबवता येतं. गाळणीत रक्त आणणारी एक वाहिनी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. अँजिओटेन्सिन नावाचं संप्रेरक बाहेर नेणारी वाहिनी आवळून धरतं, त्यामुळे आतला दाब वाढतो. टेल्मिसार्टन त्याची पकड सैल करतं. एनालाप्रिल आणि बेनाझेप्रिल ही जुनी औषधं तेच काम एक पायरी आधी करतात, संप्रेरक तयारच होऊ देत नाहीत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मूत्रपिंडातून सतत प्रोटीन जाणाऱ्या कुत्र्यांमध्ये महिनाभरानंतर टेल्मिसार्टनने यूपीसी साधारण ६५ टक्क्यांनी उतरला, तर एनालाप्रिलने ३५ टक्क्यांनी. तेव्हापासून बरेच जण टेल्मिसार्टननेच सुरुवात करतात, मीही.

मात्रा किलोला १ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. चिकू वीस किलोची, म्हणजे माणसांची २० मिलिग्रॅमची एक गोळी. हे ऐकून बाईंचे यजमान म्हणाले, “अहो, ही तर मी रोज घेतो.” त्यांचं पाकीट मागवून बघितलं तर ते ४० मिलिग्रॅमचं होतं आणि त्यात लघवी वाढवणारं दुसरं औषधही मिसळलेलं होतं. बाजारात टेल्मिसार्टनच्या पुढे ‘एच’ किंवा ‘एएम’ अशी अक्षरं लागलेल्या गोळ्या भरपूर आहेत. पहिलीत पाणी काढणारं औषध असतं, दुसरीत अॅम्लोडिपिन. आजोबांची गोळी कुत्र्याला द्यायची सोय म्हणून इथेच संपते. आणखी एक बारकावा असा की ही गोळी हवेतला ओलावा धरते. आठवड्याच्या गोळ्या डबीत काढून ठेवू नयेत, रोज पाकिटातून एक फोडावी.

दुसरं औषध क्लोपिडोग्रेल, ७५ची अर्धी गोळी. हे कशाला, असा प्रश्न सगळेच विचारतात. फाटक्या गाळणीतून अल्ब्युमिन जातं, तशीच साधारण त्याच आकाराची, रक्त गोठू न देणारी प्रोटीनंही निघून जातात. परिणामी रक्त गोठण्याकडे झुकतं. अशा कुत्र्याच्या फुप्फुसात अचानक गुठळी अडकली तर ते काल संध्याकाळी खेळत होतं आणि आज सकाळी श्वासासाठी तडफडतं आहे, असं होतं. आकड्यांत याची पूर्वसूचना फारशी मिळत नाही.

तिसरी गोष्ट जेवण. इथे बाईंशी थोडं वाजलं. प्रोटीन कमी झालंय हे कळल्यापासून त्यांनी चिकूला रोज दोन उकडलेली अंडी आणि जास्तीचं चिकन सुरू केलं होतं. तर्क सरळ आहे, गळतंय तर भरा. पण जास्त प्रोटीन खाल्लं की गाळणीकडे जाणारा रक्तप्रवाह आणि दाब वाढतो, गळती वाढते, आणि अल्ब्युमिन बहुतेक वेळा जागचं हलत नाही. अंडी बंद झाली, चिकन मोजून आलं, निम्मं जेवण मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी मिळणाऱ्या तयार खाद्याचं झालं, मीठ गेलं, आणि माशाच्या तेलाची कॅप्सूल आली. उपासमारही करायची नाही. वजन उतरलं तर कुत्रं स्वतःचे स्नायू जाळतं, म्हणून वहीत वजनाचा रकाना पहिला.

आता बाईंच्या वहीतली पानं.

औषध सुरू केल्यावर दहा दिवसांनी यूपीसी केलाच नाही. तेव्हा फक्त रक्तातलं क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि रक्तदाब बघितला. हे औषध गाळणीतला दाब उतरवतं म्हणजे थोडी गाळणीही कमी होते, त्यामुळे क्रिएटिनिन किंचित चढणं अपेक्षित असतं. चिकूसारख्या, मूत्रपिंडाचं काम चांगलं असलेल्या कुत्र्यात ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालवून घेतात. काम आधीच बरंच ढासळलेलं असेल तर १० टक्केही जास्त. चिकूचं १.१वरून १.२ झालं. पोटॅशियम ४.९, रक्तदाब १५०. पुढे जायला परवानगी.

सहाव्या आठवड्यात पुन्हा तीन दिवसांची मिश्र शू. आकडा २.९. घरात पेढे आले. मी एक पेढा खाल्ला, पण वहीत लिहायला लावलं, ‘घट ३१ टक्के, खरी की खोटी सांगता येत नाही.’

बाईंना हे अजिबात आवडलं नाही. पण नियम त्यांच्याच विषयातला आहे. आजार आहे तसाच असतानाही यूपीसी दिवसागणिक खालीवर होतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वंशागत मूत्रपिंडविकार असलेल्या कुत्र्यांची लघवी पुन्हा पुन्हा तपासून हे हेलकावे मोजले गेले. निष्कर्ष असा की यूपीसी ०.५च्या आसपास असेल तर तो सुमारे ८० टक्के हलल्याशिवाय, आणि १२च्या आसपास असेल तर किमान ३५ टक्के हलल्याशिवाय, खरा बदल झाला असं म्हणू नये. आकडा चारच्या खाली असेल तर एक नमुना पुरतो. त्याच्या वर दोन-तीन किंवा जास्त नमुन्यांची सरासरी लागते. याचा अर्थ ०.५चा ०.७ झाला म्हणून रात्रभर जागायचं नाही, आणि ४.२चा २.९ झाला म्हणून औषध आहे तिथेच सोडायचंही नाही. आमचं लक्ष्य होतं ०.५च्या खाली. तिथवर पोहोचणं जमत नसेल तर सुरुवातीच्या निम्म्यावर, म्हणजे २.१ किंवा कमी.

मात्रा वाढवून दीड गोळी केली. आठवड्याने रक्त तपासलं तर क्रिएटिनिन १.३, पण पोटॅशियम ५.४. या औषधाने पोटॅशियम चढतं हे माहीत होतं, तरी उडी जरा मोठी वाटली. सहाच्या वर गेलं तर हृदयाच्या ठोक्यांना धोका. मात्रा परत खाली आणायच्या बेतात होतो, तेवढ्यात सहज विचारलं, नवीन काही देताय का? “नवीन काही नाही. सकाळी अर्धं शहाळं मी घेते, अर्धं ती.” उन्हाळा होता. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. शहाळं बंद केलं, दहा दिवसांत पोटॅशियम ५वर आलं आणि गोळी दीडच राहिली. मी त्या आधी ‘काय खाते’ हे दोनदा विचारलं होतं. ‘काय पिते’ हे विचारलंच नव्हतं.

बाराव्या आठवड्यात आकडा १.९. सुरुवातीपासून घट ५५ टक्के, अल्ब्युमिन २.७. आता मी स्वतःहून पेढा मागितला. यात टेल्मिसार्टनचा वाटा किती, डॉक्सिसायक्लिनचा किती आणि अंडी बंद केल्याचा किती, हे एका कुत्र्यात वेगळं काढता येत नाही.

हे असं झालं नसतं तर? म्हणजे बारा आठवडे सगळं नीट करूनही यूपीसी पाच-सहावरच असता, अल्ब्युमिन दोनच्या खाली घसरलं असतं, क्रिएटिनिन चढत असतं, तर? तेव्हा प्रश्न येतो प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात. गळती म्हणजे सूज, सूज म्हणजे स्टिरॉइड, अशी साखळी पुष्कळांच्या डोक्यात असते. बायोप्सी केलेल्या कुत्र्यांत सुमारे निम्म्यांच्याच गाळण्यांत प्रतिपिंडांचे गठ्ठे अडकलेले सापडतात. उरलेल्यांत गाळण्यांवर वण पडलेले असतात, अमायलॉइड साठलेलं असतं किंवा जन्मजात दोष असतो. त्यांना ही औषधं उपयोगी पडत नाहीत, संसर्ग मात्र होऊ शकतात. शिवाय स्टिरॉइड लांबवलं तर ते निरोगी कुत्र्यातही लघवीतलं प्रोटीन वाढवतं आणि गुठळ्यांचा धोकाही. मग वहीतला आकडा रोगाने चढला की औषधाने, हेच कळेनासं होतं.

म्हणून शक्य असेल तर आधी बायोप्सी. पण ती साध्या सूक्ष्मदर्शकावर भागत नाही. प्रतिपिंडांचे गठ्ठे ओळखायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि चमकणाऱ्या रंगद्रव्यांची तपासणी लागते, नमुन्याचे तुकडे वेगवेगळ्या द्रावणांत ठेवून पाठवावे लागतात, आणि ही सोय प्रत्येक शहरात नाही. रक्तदाब ताब्यात नसेल, क्रिएटिनिन पाचच्या वर असेल किंवा मूत्रपिंडं आकसून लहान झाली असतील तर सुई घालूच नये. एक तर रक्तस्रावाचा धोका, आणि त्या टप्प्यावर कळलेल्या निदानाने करायला फारसं उरतही नाही. बायोप्सी होत नाही आणि कुत्रं डोळ्यांदेखत ढासळतंय, अशा वेळी अंदाजाने उपचार करतात. तेव्हा पसंती मायकोफेनोलेटला, किलोला १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. उलट्या-जुलाब होतात का ते बघत, आणि आठ ते बारा आठवडे थांबून, मगच निकाल द्यायचा.

चिकूवर ही वेळ आली नाही. पण पाचव्या महिन्यात फोन आला. बाई पुतण्याच्या लग्नाला नाशिकला गेल्या होत्या, चिकू एका पाळणाघरात होती. तिथल्या मुलाने कुठल्याशा दवाखान्यात लघवी दिली होती आणि यूपीसी आला होता ३.६. तिथे गोळी दुप्पट करा असं सांगितलं गेलं. मी बाईंना म्हटलं, आज काही बदलू नका, परत आल्यावर ताजी लघवी घेऊन या. सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशींचा सडा आणि जंतूंच्या काड्या. मूत्राशयाचा संसर्ग. कल्चर करून अँटिबायोटिक दिलं, आणि ते संपल्यावर दोन आठवड्यांनी मिश्र नमुना घेतला, आकडा २. गळती वाढलीच नव्हती. बाईंनी ३.६वर लाल पेनाने काट मारून बाजूला ‘अपात्र’ असं लिहिलं.

याच सुमारास माझ्याकडे दुसरा एक रुग्ण होता, नऊ वर्षांचा नर लॅब्रॅडोर. त्याचा आलेख चिकूपेक्षा सुंदर होता. यूपीसी ७.२वरून ४, आणि सहा महिन्यांत १.८. त्याचा मालक दर वेळी फोनवर फक्त तेवढाच आकडा सांगायचा आणि मागच्या तीन महिन्यांत रक्त तपासायला आलाच नव्हता. शेवटी आला तेव्हा कुत्र्याचं वजन ३४चं २७ झालं होतं, तोंडाला अमोनियासारखा वास होता आणि क्रिएटिनिन १.६वरून ५.३वर गेलं होतं. गळती थांबली होती ती गळायला गाळण्याच उरल्या नव्हत्या म्हणून. लाखो गाळण्या वण पडून बंद झाल्या की त्यांतून प्रोटीनही जात नाही. यूपीसी उतरतो आणि रिपोर्ट बघणाऱ्याला आनंद होतो. त्या दिवशी टेल्मिसार्टन थांबवून सलाइन लावलं, पण त्याला वाचवता आलं नाही. फोनवर १.८ ऐकून मी ‘छान’ म्हणालो होतो.

तेव्हापासून मी यूपीसी एकटा ऐकत नाही. घटला असेल तर पहिला प्रश्न क्रिएटिनिन किती, दुसरा वजन किती. क्रिएटिनिन स्थिर, वजन टिकलेलं, अल्ब्युमिन चढतंय आणि यूपीसी उतरतोय, तर औषध काम करतंय. यूपीसी उतरतोय आणि क्रिएटिनिन चढतंय, तर दोन शक्यता. गोळीची मात्रा जास्त झाली किंवा कुत्र्याच्या अंगातलं पाणी कमी झालं, हे मात्रा उतरवून आणि पाणी भरून आठ-दहा दिवसांत कळतं. त्यातूनही क्रिएटिनिन खाली आलं नाही, तर गाळण्या संपत चालल्या आहेत. यूपीसी आणि क्रिएटिनिन दोन्ही चढत असतील तर आजार पुढे सरकतोय, आणि तेव्हा रक्तदाब, संसर्ग, जेवण सगळं पहिल्यापासून तपासायचं.

बाईंना मी फ्रिजवर चिकटवायला दोनच सूचना दिल्या. चिकूला उलट्या-जुलाब झाले किंवा एक दिवस पाणी प्यायली नाही, तर टेल्मिसार्टन द्यायचं नाही, आधी फोन. सुकलेल्या शरीरात हे औषध मूत्रपिंडाला अचानक बंद पाडू शकतं. आणि लंगडली तरी घरातली दुखण्यावरची गोळी द्यायची नाही. ती आणि टेल्मिसार्टन एकत्र आली तर गाळणीत रक्त आणणारी वाहिनी आवळते आणि बाहेर नेणारी सैल पडते, मग गाळायला दाबच उरत नाही.

आता चिकूची तपासणी तीन महिन्यांनी एकदा होते. चौदाव्या महिन्यातली ओळ अशी आहे: वजन १९.८, रक्तदाब १४५, क्रिएटिनिन १.३, पोटॅशियम ५, अल्ब्युमिन २.९, यूपीसी १.४. अल्ब्युमिन इतकं सावरल्यावर दात साफ करायचं ठरलं. रक्तस्राव नको म्हणून क्लोपिडोग्रेल आठवडाभर आधी थांबवलं, भूल असताना रक्तदाब पडू नये म्हणून त्या सकाळची टेल्मिसार्टनची गोळी वगळली आणि सलाइन चालू ठेवलं. दोन दाढा काढाव्या लागल्या. घरी जाताना बाईंनी विचारलं, पुढची मिश्र शू कधी धरू? हिरड्या भरू देत, तीन आठवड्यांनी, मी म्हटलं. त्यांनी वही उघडून तारीख घातली आणि रकाना रिकामा सोडला.